मोकळे पत्ते ८०, तरी ३५ संगणकांना जागा नाही: असमान विभागांसाठी सबनेटची आखणी

ही तक्रार वारंवार येते आणि तिचे रूप बहुतेक वेळा सारखेच असते. नेटवर्कमध्ये एखादा नवा विभाग जोडायचा असतो, मोकळ्या आयपी पत्त्यांची बेरीज केली तर ती गरजेपेक्षा जास्त भरते, आणि तरीही लेयर ३ स्विच किंवा राउटर नवा सबनेट स्वीकारत नाही. कधी तो स्वीकारतो, पण दुसऱ्या दिवसापासून नेमक्या दोन विभागांचा एकमेकांशी संपर्क तुटतो आणि बाकी सगळे सुरळीत चालू राहते. वेगवेगळ्या लांबीचे मास्क वापरून केलेल्या आखणीत हा दोष कोठून शिरतो, तो कसा ओळखावा आणि चालू नेटवर्कला कमीत कमी धक्का लावून कसा काढावा, हे एका उदाहरणावरून पाहू.

उदाहरण एका महाविद्यालयाच्या शाखेचे आहे. संस्थेच्या मुख्यालयाने प्रत्येक शाखेला एकेक ब्लॉक ठरवून दिलेला आहे आणि या शाखेच्या वाट्याला `10.20.4.0/24`, म्हणजे २५६ पत्ते, आले आहेत. खासगी पत्त्यांसाठी 10 ने सुरू होणारा सगळा प्रदेश मोकळा असताना काटकसर कशाला, असा प्रश्न येथे विचारला जातो. त्याचे उत्तर असे की शेजारचे ब्लॉक इतर शाखांकडे गेलेले असतात, मुख्यालयाच्या राउटरवर आणि व्हीपीएनवर याच एका ब्लॉकचा मार्ग लिहिलेला असतो, आणि शाखेने परस्पर वेगळा ब्लॉक वापरला तर तो मुख्यालयापर्यंत पोचतच नाही. शाखेत विभाग जसजसे सुरू झाले, तसतसे त्यांना पत्ते दिले गेले:

```
कार्यालय      25 यंत्रे   10.20.4.0/27     .0   ते .31
प्रयोगशाळा    50 यंत्रे   10.20.4.64/26    .64  ते .127
लेखा         11 यंत्रे   10.20.4.128/28   .128 ते .143
कॅमेरे        52 यंत्रे   10.20.4.192/26   .192 ते .255
```

आता ग्रंथालयाचे ३५ संगणक जोडायचे आहेत आणि पुढील वर्षी त्यात आणखी १० ची भर पडणार आहे. मोकळे पत्ते दोन ठिकाणी आहेत: `.32` ते `.63` असे ३२, आणि `.144` ते `.191` असे ४८. बेरीज ८०. गरज ४५ संगणक आणि एक गेटवे, म्हणजे ४६. तरीही ग्रंथालयाला सलग एक सबनेट देता येत नाही.

कारण मास्कच्या स्वभावात आहे. ४६ पत्ते मावतील असा सर्वांत लहान सबनेट `/26`, म्हणजे ६४ पत्त्यांचा. `/26` मध्ये पत्त्याचे पहिले २६ बिट नेटवर्कचे आणि शेवटचे ६ बिट यंत्राचे असतात, आणि नेटवर्कच्या स्वतःच्या पत्त्यात हे शेवटचे ६ बिट शून्यच असावे लागतात. शेवटच्या आकड्यात ही अट पूर्ण करणाऱ्या जागा चारच आहेत: 0, 64, 128 आणि 192. ६४ पत्त्यांचा सबनेट `.32` पासून सुरू होऊ शकत नाही आणि `.144` पासूनही होऊ शकत नाही. त्या चार जागांपैकी पहिलीत कार्यालय आहे, दुसरी प्रयोगशाळेने पूर्ण भरली आहे, चौथी कॅमेऱ्यांनी, आणि तिसरीच्या अगदी कोपऱ्यात लेखा विभागाचे १६ पत्ते बसलेले आहेत. त्या १६ पत्त्यांनी पुढचे ४८ अडवून धरले आहेत. जागा दोन प्रकारे वाया जाते, हे येथे लक्षात घ्यावे: एक सबनेटच्या आत, कारण आकार नेहमी दोनच्या घातातच मिळतो; आणि दुसरी सबनेटांच्या मध्ये, चुकीच्या जागी बसवल्यामुळे. पहिली थोडीफार राहणारच, पण दुसरी आखणीने जवळजवळ पूर्णपणे टाळता येते, आणि बहुतेक तक्रारींचे मूळ दुसरीतच असते.

प्रत्यक्षात काय होते ते पाहू. मोकळी जागा `.144` पासून आहे असे पाहून कोणीतरी ग्रंथालयाच्या व्हीएलॅनला `10.20.4.145` हा गेटवे आणि `/26` चा मास्क देतो. पत्ता आणि मास्क दोन्ही आपापल्या जागी बरोबर दिसतात, परंतु स्विच त्यातून स्वतः नेटवर्क काढतो. 145 हा आकडा दोनच्या पायात `10010001` असा लिहिला जातो. `/26` मास्क त्यातले पहिले दोनच बिट, म्हणजे `10`, नेटवर्कचे मानतो आणि उरलेले सहा बाजूला ठेवतो. उत्तर येते 128. म्हणजे आपण `.144` पासूनचा सबनेट मागितला असे आपल्याला वाटते, पण स्विचच्या दृष्टीने आपण `10.20.4.128/26` मागितलेला असतो, आणि त्यात लेखा विभाग आधीच आहे. सिस्कोच्या आयओएसवर लगेच असा संदेश येतो:

```
% 10.20.4.128 overlaps with Vlan30
```

हा संदेश वाचताना पुष्कळ जण गोंधळतात, कारण 128 हा आकडा त्यांनी टाइप केलेलाच नसतो. संदेशात दिसणारा पत्ता आपण दिलेल्या पत्त्यातून काढलेले नेटवर्क असतो, आणि तो आपल्या अपेक्षेपेक्षा वेगळा दिसला तर सुरुवातच चुकीच्या जागी झाली आहे असे निश्चित समजावे. याच्या जवळचे आणखी दोन संदेश आहेत. `Bad mask /26 for address 10.20.4.128` असा संदेश आला तर इंटरफेसला यंत्राचा पत्ता न देता नेटवर्कचा किंवा ब्रॉडकास्टचा पत्ता दिला गेला आहे. स्थिर मार्ग लिहिताना `%Inconsistent address and mask` आला तर मार्गातला पत्ता त्या मास्कच्या सीमेवर नाही; उदाहरणार्थ `10.20.4.144` ला `255.255.255.192` जोडले तर हेच उत्तर मिळेल.

संदेश येणे हा खरे तर चांगला प्रसंग आहे. अवघड प्रसंग तो, जेथे दोन सबनेट वेगवेगळ्या राउटरवर असतात आणि म्हणून कोणीच हरकत घेत नाही. समजा, ग्रंथालय वेगळ्या इमारतीत आहे, तिथे स्वतंत्र राउटर आहे आणि त्याने `10.20.4.128/26` निमूटपणे स्वीकारला. आता मार्गतक्त्यात `10.20.4.128/28` आणि `10.20.4.128/26` असे दोन्ही मार्ग शेजारी शेजारी दिसतात. राउटर नेहमी अधिक लांबीचा मास्क असलेला मार्ग निवडतो, त्यामुळे `.128` ते `.143` साठीची वाहतूक लेखा विभागाकडे जाते आणि त्यापुढची ग्रंथालयाकडे. मुख्यालयाला दोन्ही विभाग दिसतात, इंटरनेट दोन्हीकडे चालते, कार्यालयाला काहीच जाणवत नाही. परंतु ग्रंथालयातला `.150` हा संगणक लेखा विभागातल्या `.135` शी बोलू पाहतो, तेव्हा त्याच्या `/26` मास्कप्रमाणे `.135` त्याच्याच सबनेटमध्ये असतो. म्हणून तो गेटवेकडे न जाता आपल्याच व्हीएलॅनमध्ये एआरपीची हाक देतो, आणि तिथे `.135` नसल्यामुळे उत्तर येत नाही. उलट बाजूने `.135` चा मास्क `/28` असल्याने त्याला `.150` बाहेरचा वाटतो. त्याचे पॅकेट गेटवेतून नीट पोचते, पण `.150` चे उत्तर पुन्हा त्याच एआरपीत अडकते.

त्यामुळे ओळखण्याची खूण अशी: फक्त दोनच विभागांत अडचण, एका बाजूचे पॅकेट पोचते आणि दुसऱ्या बाजूचे निघतच नाही, आणि न पोचणाऱ्या बाजूच्या विंडोज संगणकावर `ping` केल्यास स्वतःच्याच पत्त्याकडून `Destination host unreachable` असे उत्तर येते. गेटवेवर प्रॉक्सी एआरपी चालू असेल, आणि आयओएसवर ती मुळातच चालू असते, तर हा दोष झाकलाही जाऊ शकतो. मग तो वर्षभराने उपकरण बदलल्यावर अचानक उघडा पडतो आणि दोष नव्या उपकरणावर ढकलला जातो.

दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी गरजेचा आकडा नीट काढावा, कारण येथे एकाने चूक झाली तरी सबनेटचा आकार दुप्पट होतो किंवा निम्मा पडतो. वापरण्याजोगे पत्ते म्हणजे एकूण पत्ते वजा दोन, हे सर्वांना पाठ असते. परंतु गेटवेही त्यातच मोजावा लागतो, त्यामुळे `/26` मध्ये ६२ नव्हे तर ६१ यंत्रे मावतात आणि `/29` मध्ये ६ नव्हे तर ५. दोन राउटर जोडीने ठेवून एचएसआरपी किंवा व्हीआरआरपी चालवला असेल, तर साधारणपणे गेटवेच तीन पत्ते घेतो: प्रत्येक राउटरचा एक आणि सामाईक असा एक. प्रिंटर, हजेरीची यंत्रे, स्विचचे स्वतःचे व्यवस्थापनाचे पत्ते हेही मोजणीतून हमखास सुटतात. वाय-फायचा हिशोब तर वेगळाच आहे: एका वेळी ४० जण असले, तरी निघून गेलेल्यांचे पत्ते भाडेपट्टी संपेपर्यंत अडकून राहतात, आणि विंडोजच्या डीएचसीपी सर्व्हरवर ही मुदत मुळात आठ दिवसांची असते. अशा ठिकाणी सबनेट मोठा करण्याआधी मुदत काही तासांवर आणून पाहावी. संगणकाला 169.254 ने सुरू होणारा पत्ता मिळत असेल आणि वायरिंग व व्हीएलॅन ठीक असेल, तर बहुधा पूल संपलेला असतो. तो या लेखातल्या आच्छादनाच्या, म्हणजे दोन सबनेट एकमेकांवर चढण्याच्या, दोषाहून वेगळा प्रश्न आहे आणि त्याची तपासणी डीएचसीपी सर्व्हरवरच करावी.

कोऱ्या कागदावर आखणी करायची असती, तर काम सरळ होते. सर्वांत मोठ्या सबनेटपासून सुरुवात करून उतरत्या क्रमाने बसवत जावे. `/26` चे तीन विभाग `.0`, `.64` आणि `.128` वर, मग कार्यालयाचा `/27` `.192` वर, मग लेखा विभागाचा `/28` `.224` वर. प्रत्येक सबनेट आपोआप आपल्या सीमेवर पडतो, कारण आधीच्या सर्व मोठ्या आकारांची बेरीज नंतरच्या लहान आकाराच्या पटीतच असते. मध्ये एकही भोक राहत नाही आणि उरलेले १६ पत्ते शेवटी एकत्र राहतात.

परंतु चालू नेटवर्कमध्ये हा क्रम जसाच्या तसा लागू करणे म्हणजे कार्यालय, लेखा आणि कॅमेरे या तिन्ही विभागांचे पत्ते बदलणे. ५२ कॅमेऱ्यांचे स्थिर पत्ते आणि त्यांचे रेकॉर्डर पुन्हा जुळवण्यात जो वेळ जाईल, तो पूर्णपणे अनावश्यक आहे. उतरता क्रम हे साधन आहे. साध्य आहे सीमा. आपल्याला एक पूर्ण `/26` मोकळा हवा आहे, एवढेच. म्हणून प्रश्न असा विचारावा: ६४ पत्त्यांच्या चार भागांपैकी कोणता सर्वांत कमी यंत्रे हलवून रिकामा होतो? पहिल्या भागात कार्यालयाची २५ यंत्रे आहेत. तिसऱ्या भागात लेखा विभागाची फक्त ११. आणि लेखा विभागाला लागणारा `/28` तर `.32` वर सहज बसतो, कारण ३२ ही १६ च्या पटीतली संख्या आहे. ११ यंत्रे हलवली की `.128` ते `.191` हा संपूर्ण भाग ग्रंथालयाला मिळतो, आणि कोऱ्या कागदावरच्या आखणीइतकीच, म्हणजे १६ पत्त्यांची, शिल्लक राहते.

येथे एक पर्याय प्रामाणिकपणे तपासायला हवा, कारण तो काहीच न हलवता जमतो. `.144` ते `.191` या ४८ पत्त्यांत `10.20.4.144/28` आणि `10.20.4.160/27` असे दोन सबनेट अगदी नेमके बसतात. ग्रंथालयाचे दोन भाग करून वाचनकक्षातले संगणक `/27` मध्ये आणि कर्मचाऱ्यांचे `/28` मध्ये ठेवले, तर गेटवे वगळून २९ आणि १३ असे ४२ संगणक मावतात. आजच्या ३५ ना हे पुरेसे आहे, शिवाय वाचकांसाठीचे संगणक कर्मचाऱ्यांपासून वेगळे राहणे सुरक्षेच्या दृष्टीने इष्टच आहे. ग्रंथालय वाढणार नसते, तर मी हाच पर्याय निवडला असता. पण पुढील वर्षीच्या ४५ ला ४२ पुरत नाहीत, आणि एका वर्षासाठी केलेली सोय नंतर दुप्पट कामाने मोडावी लागते. हे दोन सबनेट एकाच व्हीएलॅनवर दुय्यम पत्ता देऊन एकत्र चालवावेत, असाही सल्ला दिला जातो. तो कायमचा उपाय म्हणून टाळावा, कारण एकाच खोलीतल्या दोन संगणकांची वाहतूक गेटवेतून फिरून येते आणि डीएचसीपीचे वाटप एकाच सबनेटपुरते मर्यादित राहते.

दुय्यम पत्त्याचा खरा उपयोग स्थलांतराच्या मधल्या काळात आहे. लेखा विभाग `.128` वरून `.32` वर नेताना आधी काही दिवस त्याच्या डीएचसीपी पूलची मुदत एका तासावर आणावी. हा बदल जुन्या मुदतीइतका आधी केला, तरच सगळी यंत्रे स्थलांतराच्या दिवशी नव्या छोट्या मुदतीवर असतील. याच काळात स्थिर पत्ता असलेल्या यंत्रांची यादी करावी. लेखा विभागात ती बहुधा प्रिंटर आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर एवढीच असते, पण त्या सर्व्हरचा पत्ता इतर प्रत्येक संगणकाच्या सेटिंगमध्ये आकड्यांनी लिहिलेला सापडण्याची शक्यता मोठी आहे. मग ठरलेल्या वेळी स्विचवर:

```
interface Vlan30
 ip address 10.20.4.33 255.255.255.240
 ip address 10.20.4.129 255.255.255.240 secondary
```

क्रम महत्त्वाचा आहे. पहिली ओळ नवा पत्ता मुख्य म्हणून बसवते आणि जुना काढून टाकते. दुसरी ओळ जुना दुय्यम म्हणून परत आणते. मधल्या क्षणी जुन्या पत्त्यांची वाहतूक थांबते, म्हणून दोन्ही ओळी एकत्र तयार ठेवून पाठोपाठ द्याव्यात. नवा पत्ताच मुख्य करण्याचे कारण असे की डीएचसीपी सर्व्हर वेगळ्या ठिकाणी असेल, तर स्विच त्याच्याकडे विनंती पुढे पाठवताना मुळात आपला मुख्य पत्ता जोडतो, आणि सर्व्हर त्यावरूनच पूल निवडतो. नवा पत्ता दुय्यम ठेवला तर नव्या पूलमधून एकही पत्ता वाटला जाणार नाही, आणि पूलमध्ये दोष शोधण्यात वेळ जाईल. नवा पूल सुरू करून जुना काढला की यंत्रे एकेक करून, उशिरात उशिरा मुदत संपताना, नव्या पत्त्यावर येतात. स्थिर पत्त्यांची यंत्रे मात्र जागेवर जाऊनच बदलावी लागतात.

दुय्यम पत्ता काढण्यापूर्वी जुन्या पट्ट्यात कोणी जिवंत आहे का ते पाहावे. `show ip arp vlan 30` मध्ये `.128` ते `.143` मधल्या नोंदी तपासाव्यात. आयओएसमध्ये एआरपीची नोंद मुळात चार तास राहते, त्यामुळे नुसती नोंद दिसली म्हणजे यंत्र तिथे आहे असे नव्हे. शंका असलेली नोंद पुसून काही मिनिटांनी ती पुन्हा येते का, हे पाहणे जास्त खात्रीचे. सगळे शांत असेल, तर दुय्यम पत्ता काढावा आणि मगच ग्रंथालयाला `interface Vlan50` वर `10.20.4.129 255.255.255.192` द्यावा. जुना दुय्यम पत्ता चुकून राहिला असेल, तर आच्छादनाचा तोच संदेश येथे पुन्हा येईल, आणि या वेळी तो उपयोगाचाच ठरेल.

एका धोक्याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण तो संपर्क तुटल्याच्या तक्रारीतून कधीच कळत नाही. फायरवॉलवर आणि अॅक्सेस लिस्टमध्ये लेखा विभागाला जे खास अधिकार दिलेले असतात, ते `10.20.4.128 0.0.0.15` अशा रूपात लिहिलेले असतात. ही ओळ बदलायची राहिली, तर लेखा विभागाची तक्रार येईल आणि कोणीतरी घाईने नव्या पट्ट्यासाठी नवी ओळ घालेल; पण जुनी ओळ तशीच राहिली, तर ग्रंथालयातल्या `.130` ते `.143` या १४ संगणकांना लेखा विभागाचे अधिकार नकळत मिळतील. म्हणून जुन्या पट्ट्याचे नियम ग्रंथालय सुरू होण्याआधी काढून टाकणे आवश्यक आहे, मुख्यालयाच्या फायरवॉलवरचेसुद्धा.

स्थिर पत्त्याच्या यंत्रांत दुसरा एक दोष राहून जातो. प्रिंटरला नवा पत्ता `.40` देताना मास्क मात्र जुन्या सवयीने `255.255.255.0` ठेवला जातो. असा प्रिंटर आपल्या विभागात नीट चालतो, पण त्याला संपूर्ण `/24` आपल्याच दाराशी आहे असे वाटते, म्हणून ग्रंथालयातल्या किंवा कार्यालयातल्या संगणकाला उत्तर देताना तो गेटवेकडे जात नाही. मुख्यालयाकडून मात्र त्यावर छापता येते, कारण मुख्यालय त्या `/24` च्या बाहेर आहे. दूरचा पोचतो आणि शेजारचा पोचत नाही, असे दिसले की आधी त्या यंत्राचा मास्क पाहावा.

आखणी राउटरवर चढवण्याआधी ती तपासण्यासाठी पायथॉनमधले `ipaddress` मॉड्यूल पुरेसे आहे आणि वेगळे काही बसवावे लागत नाही:

```
from ipaddress import ip_network
from itertools import combinations
plan = ["10.20.4.0/27", "10.20.4.32/28", "10.20.4.48/29",
        "10.20.4.64/26", "10.20.4.128/26", "10.20.4.192/26"]
nets = [ip_network(p) for p in plan]
for a, b in combinations(nets, 2):
    if a.overlaps(b):
        print(a, b)
print(256 - sum(x.num_addresses for x in nets))
```

आच्छादन नसेल तर फक्त शेवटचा आकडा, येथे 8, छापला जातो. यादीत `10.20.4.144/26` घालून पाहिले, तर बेरजेपर्यंत पोचण्याआधीच `has host bits set` असा दोष येतो, म्हणजे सीमेवर नसलेला सबनेट हे मॉड्यूल मुळात स्वीकारतच नाही. यादीत `/29` चा एक सबनेट दिसतो आहे, तो असा आला: कार्यालयाच्या २५ यंत्रांत चार सर्व्हर होते, त्यांना उरलेल्या १६ पत्त्यांतून `10.20.4.48/29` दिला. चार सर्व्हर आणि गेटवे मिळून पाच, म्हणजे सहापैकी एक जागा शिल्लक. कार्यालयात २१ यंत्रे उरली आणि त्याचा `/27` पुढील काही वर्षे पुरेल एवढा सैल झाला.

आता `.56` ते `.63` हे आठच पत्ते कोणाला दिलेले नाहीत. त्यांतून राउटर ते राउटर अशा जोडण्यांसाठी सबनेट काढता येतील. २००० सालच्या आरएफसी ३०२१ नुसार अशा दोन टोकांच्या जोडणीला `/31` चालतो आणि दोन्ही पत्ते वापरता येतात, मात्र दोन्हीकडच्या उपकरणांना ते मान्य असायला हवे, नाहीतर `/30` घ्यावा. हे पत्ते रिकामे असेपर्यंत एक गोष्ट करून ठेवावी. मुख्यालय संपूर्ण `10.20.4.0/24` शाखेकडे पाठवते, आणि शाखेचा डिफॉल्ट मार्ग मुख्यालयाकडे आहे. कोणी `.60` ला पॅकेट पाठवले, तर शाखेच्या राउटरला त्यासाठी सबनेट सापडत नाही, तो ते डिफॉल्ट मार्गाने मुख्यालयाकडे परत पाठवतो, मुख्यालय पुन्हा शाखेकडे, आणि टीटीएल संपेपर्यंत ते व्हीपीएनवर फिरत राहते. `traceroute` मध्ये तेच दोन पत्ते आळीपाळीने दिसतात. नेटवर्क स्कॅन करणारे एखादे बाधित यंत्र असेल, तर ही फेरी लिंक भरून टाकू शकते. उपाय एका ओळीचा आहे:

```
ip route 10.20.4.0 255.255.255.0 Null0
```

प्रत्यक्षातले सर्व सबनेट `/24` पेक्षा लांब मास्कचे असल्याने त्यांच्यावर या ओळीचा काहीच परिणाम होत नाही. फक्त न दिलेल्या पत्त्यांची पॅकेट शाखेतच टाकून दिली जातात.

२५६ पैकी २४८ पत्ते सबनेटांत बांधले गेल्यावर सातव्या विभागाला जागा उरलेली नाही, हे मुख्यालयाला आजच लेखी कळवावे आणि नेमका `10.20.5.0/24` मागावा. 4 हा सम आकडा असल्यामुळे `10.20.4.0/24` आणि `10.20.5.0/24` मिळून `10.20.4.0/23` असा एकच ब्लॉक होतो. मुख्यालयाच्या तक्त्यात तेव्हा नवी ओळ लागत नाही, फक्त मास्क एका बिटाने कमी होतो, आणि त्याबरोबर वरच्या ओळीतला मास्कही `255.255.254.0` करावा लागतो. `10.20.6.0/24` मिळाला तर पत्ते तेवढेच मिळतील, पण तो `10.20.4.0/24` शी जोडला जाणार नाही आणि प्रत्येक मार्ग, प्रत्येक फायरवॉल नियम दोनदा लिहावा लागेल. `10.20.5.0/24` दुसऱ्या शाखेला दिला जाण्याआधी तो राखून ठेवायला सांगणे, हे या दुरुस्तीतले शेवटचे काम आहे.